प्रोसेस हाऊसमधील छोट्या बॅक-प्रेशर टर्बाइनच्या विजेचे एक युनिट नेमके कितीला पडते?

पंचगंगाकाठ

नमस्कार. आमचे इचलकरंजीला कापड रंगाईचे प्रोसेस हाऊस आहे. सध्याचा बॉयलर साडेदहा किलो दाबाचा असून त्याची वाफ पीआरव्हीतून, म्हणजे दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, चार किलोवर आणून जेट आणि जिगर या रंगाईच्या यंत्रांना आणि ड्रायिंग रेंजला दिली जाते. हा बॉयलर आता थकला आहे, त्यामुळे तो बदलणे भागच आहे. बदलायचाच असेल तर 32 किलो दाबाचा आणि 380 अंश तापमानाची वाफ देणारा बॉयलर घ्यावा, ती वाफ आधी 500 किलोवॅटच्या बॅक-प्रेशर टर्बाइनमधून न्यावी आणि टर्बाइनमधून चार किलोवर बाहेर पडणारी वाफ रंगाईला द्यावी, असा प्रस्ताव आमच्यासमोर आहे.

अडचण अशी की एकाच यंत्राच्या एका युनिटचा खर्च विक्रेत्याच्या कागदावर दीड रुपया आहे आणि आमच्या हिशेबनिसांच्या कागदावर तीस रुपये आहे. विक्रेत्याने इंधनाचा रकाना शून्य ठेवला आहे, कारण त्याच्या मते ‘वाफ तर तुम्हाला लागणारच आहे’. हिशेबनिसांनी टर्बाइनमधून जाणाऱ्या सगळ्या वाफेचा कोळसा विजेवर टाकला आहे. दोघांचेही गुणाकार मी तपासले आणि त्यांत चूक सापडली नाही. चूक दुसरीकडे कुठेतरी आहे, हे मात्र स्पष्ट आहे. कोळसा सुमारे 4,000 किलोकॅलरीचा असून तो आम्हाला दारात साडेसात हजार रुपये टनाने पडतो. जुन्या आणि नव्या पर्यायांतील भांडवली फरक सुमारे तीन कोटींचा आहे. हा हिशेब कसा मांडावा?

चाकणचा_फोरमन

आपण वाफेच्या भानगडीत पडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्याकडे 500 केव्हीएचा डिझेल जनरेटर आहे आणि त्याचा हिशेब अगदी सरळ असतो. एका लिटरला साडेतीन ते पावणेचार युनिटे मिळतात, म्हणजे डिझेल नव्वद रुपये धरले तर इंधनच चोवीस-पंचवीस रुपये युनिट पडते. त्यात तेल, फिल्टर आणि घसारा मिळवला की झाले. स्वतः निर्माण केलेली वीज कधीही स्वस्त पडत नाही.

पंचगंगाकाठ

आपल्या आकड्यांबद्दल आभार, पण माझा प्रश्न वीज गेल्यावर चालवायच्या जनरेटरचा नाही. रंगाईसाठी वाफ आम्हाला चोवीस तास करावीच लागते आणि त्या वाफेवर जाता जाता वीज मिळणार आहे. तिचा खर्च कसा काढावा, एवढेच मला समजून घ्यायचे आहे.

वाफेवरचा_माणूस

बॉयलर आणि छोट्या टर्बाइनवर माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. विक्रेता आणि हिशेबनीस दोघेही अर्धे बरोबर आहेत.

आधी विक्रेत्याचे पाहू. पीआरव्हीत दाब उतरतो हे खरे, परंतु त्यात उष्णता जात नाही. वाफ जेवढी उष्णता घेऊन व्हॉल्व्हमध्ये शिरते, तेवढीच घेऊन ती पलीकडे निघते. टर्बाइनमध्ये तसे होत नाही. तेथे वाफेतील काही उष्णता प्रत्यक्ष काढून घेतली जाते आणि तिचेच काम होते. रंगाईला पूर्वीइतकीच उष्णता पोहोचवायची असेल तर ही काढून घेतलेली उष्णता बॉयलरमध्ये जास्तीचा कोळसा जाळून भरून द्यावी लागते. म्हणजे इंधन शून्य नाही.

आता हिशेबनिसांचे पाहू. या आकाराच्या एकाच चाकाच्या टर्बाइनला एका युनिटसाठी सुमारे 17 किलो वाफ लागते. आपल्या कोळशावर एक किलो वाफ करायला सव्वादोनशे ग्रॅमच्या आतबाहेर कोळसा जातो, म्हणून सतरा किलोंचा पावणेचार किलोंहून थोडा जास्त कोळसा आणि त्याचे अठ्ठावीस रुपये, असा त्यांनी हिशेब केला असणार. पण त्या सतरा किलो वाफेतील बहुतेक सगळी उष्णता टर्बाइनमधून बाहेर पडून आपल्या जेटमध्येच पोहोचते. तिचा कोळसा रंगाईच्या खात्यावर आधीच आहे. तो विजेवर टाकायचा असेल तर रंगाईची वाफ फुकट धरावी लागेल.

खरा आकडा तिसऱ्याच वाटेने निघतो. एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. गिअरबॉक्स आणि अल्टरनेटर यांतील घट धरून, समजा त्यांची मिळून कार्यक्षमता 92 टक्के आहे, तर वाफेतून सुमारे 935 किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात. बॉयलरची कार्यक्षमता 76 टक्के धरली तर त्यासाठी कोळशाच्या 1,230 किलोकॅलरी जाळाव्या लागतील, म्हणजे आपला कोळसा सुमारे 0.31 किलो लागेल. साडेसात रुपये किलोने ते दोन रुपये तेहतीस पैसे झाले. निव्वळ कोळशावर चालणाऱ्या कंडेन्सिंग संचाला या आकारात असा आकडा स्वप्नातही गाठता येणार नाही, कारण त्याची बहुतेक उष्णता कूलिंग टॉवरवाटे आकाशात जाते.

जमाखर्च

मी स्वतः परिव्यय लेखापाल आहे, त्यामुळे पंचगंगाकाठ यांच्या हिशेबनिसांची बाजू थोडी मांडतो. वर दिलेली पद्धत वाढीव खर्चाची आहे आणि गुंतवणूक करावी की नाही हे ठरवण्यासाठी तीच योग्य आहे, हे मला मान्य आहे. परंतु यंत्र बसल्यावर दरमहा खर्चपत्रक करताना प्रश्न वेगळा असतो. नव्या बॉयलरचा कामगारवर्ग, पाणी आणि राख हलवणे हे सगळे रंगाईने सोसायचे आणि विजेने फक्त वरचा 0.31 किलो कोळसा द्यायचा, ही वाटणी विजेच्या खात्याला फारच सोयीची आहे. वीज स्वस्त दिसेल, पण मीटरमागे रंगाईचा दर ठरवताना वाफ महाग दिसेल.

शिवाय घसाऱ्याचा मुद्दा आहे. आयकराच्या नियमांत बॅक-प्रेशर टर्बाइनची सहनिर्मिती ऊर्जाबचतीच्या उपकरणांत मोडते आणि त्यावर पूर्वी 80 टक्के घसारा मिळत असे, तो नंतर 40 टक्क्यांवर आला. काही मंडळी हाच दर युनिटच्या खर्चात घालतात. त्यामुळे पहिल्या वर्षी वीज भयंकर महाग दिसते आणि पाचव्या वर्षी जवळजवळ फुकट दिसते. कराचा घसारा हा कर वाचवण्याचा विषय आहे. युनिटच्या खर्चासाठी यंत्राचे खरे आयुष्य धरून सरळ रेषेने घसारा काढावा.

पंचगंगाकाठ

दोघांचेही आभार. वाफेवरचा माणूस यांच्या पद्धतीने मी पुढचा हिशेब मांडला आहे, कृपया चुका दाखवाव्यात.

वर्षाचे तीनशे दिवस तीन पाळ्या चालतील. त्यातून बंदचे तास वजा करून मी 6,600 तास धरले आहेत. पाटीवर 500 किलोवॅट असले तरी आमची सरासरी वाफ साडेसहा टनांच्या आसपास आहे आणि अर्धवट भारावर टर्बाइन थोडी जास्त वाफ मागते, हे धरून सरासरी 350 किलोवॅट निर्मिती घेतली. जास्त दाबाचा फीड पंप, तेलाचा पंप आणि ऑइल कूलरचे पाणी यांना मिळून 25 किलोवॅट जास्तीचे लागतील. म्हणजे हाती 325 किलोवॅट उरले आणि वर्षाला साधारण साडेएकवीस लाख युनिटे झाली.

कोळसा या निव्वळ युनिटांवर काढला की अडीच रुपये होतो. टर्बाइनसाठी तीन पाळ्यांचे तीन ऑपरेटर, प्रत्येकी बावीस हजार, आणि विद्युत अभियंत्याच्या पगारातील काही भाग धरून वर्षाला अकरा लाख येतात. देखभाल, तेल आणि पाणीशुद्धीकरणाची रसायने मिळून बारा लाख. तीन कोटींवर पाच टक्के भंगारमूल्य सोडून पंधरा वर्षांचा घसारा म्हणजे वर्षाला एकोणीस लाख. एकूण साडेचार रुपयांच्या आत बसते. बिलातील ऊर्जा आकार, इंधन समायोजन आणि शुल्क मिळून आमचे युनिट नऊ रुपयांच्या जवळ जाते, म्हणजे निम्म्यात काम होते असे दिसते.

वाफेवरचा_माणूस

मांडणी बरोबर आहे, पण दोन ठिकाणी हात आखडला आहे.

तीन पाळ्यांना तीन माणसे कधीच पुरत नाहीत. साप्ताहिक सुट्टी, सणवार, आजारपण आणि गावाकडची लग्ने धरली की चौथा बदली माणूस लागतोच. तो कागदावर घेतला नाही तर त्याचे पैसे ओव्हरटाइम म्हणून जातात, आणि दोन पाळ्या सलग उभा राहिलेला माणूस पहाटे तीन वाजता तेलाच्या तापमानाकडे पाहत नाही. म्हणून हा रकाना साडेतेरा लाखांचा करावा. ते युनिटला त्रेसष्ट पैसे होतात. देखभालीचे बारा लाख ठीक आहेत, मात्र त्यात चार-पाच वर्षांनी येणाऱ्या मोठ्या ओव्हरहॉलसाठी दरवर्षी तीन-चार लाख बाजूला पडत असले पाहिजेत. पहिल्या दोन वर्षांत खर्च कमी दिसतो आणि मालक खूश होतो, मग एकदम पंधरा लाखांचे बिल येते. देखभालीचे छप्पन पैसे आणि घसाऱ्याचे एकोणनव्वद पैसे मिळवून आपला आकडा चार रुपये अठ्ठावन्न पैसे होईल.

दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे आणि ती अनेक अनुभवी लोकांच्याही ध्यानात येत नाही. समजा टर्बाइन जुनी झाली, किंवा पात्यांवर सिलिका बसली आणि तिची कार्यक्षमता घसरली, तर युनिटमागे कोळसा वाढेल असे आपल्याला वाटते. बॅक-प्रेशरमध्ये तसे होत नाही. टर्बाइनने जी उष्णता कामात घेतली नाही, ती बाहेर पडणाऱ्या वाफेतच राहते आणि रंगाईला उपयोगी पडते. युनिटमागचा 0.31 किलो कोळसा जवळपास तेवढाच राहतो. कमी होतात ती युनिटे. म्हणजे नुकसान कोळशाच्या रकान्यात दिसतच नाही, ते ऑपरेटर, देखभाल आणि घसारा यांच्या रकान्यांत दिसते, कारण तोच पैसा कमी युनिटांवर वाटला जातो.

आपलेच आकडे घेऊन पाहा. सरासरी निर्मिती 350 ऐवजी 230 किलोवॅट झाली तर निव्वळ 205 उरतील आणि वर्षाला साडेतेरा लाख युनिटे होतील. कोळसा अडीच रुपयांवरून दोन रुपये एकसष्ट पैशांवर जाईल, तोही केवळ पंपांचा भार तसाच राहिल्यामुळे. बाकीचा खर्च मात्र दोन रुपये आठ पैशांवरून तीन रुपये एकोणतीस पैशांवर जाईल. एकूण पाच रुपये नव्वद पैसे. म्हणून माझे म्हणणे असे की कोळशाच्या भावावर घासाघीस करण्याआधी आपली वाफ तासातासाला किती वाहते हे नीट मोजावे. जेट मशिने एकदम वाफ ओढतात आणि एकदम सोडतात. दिवसाची सरासरी साडेसहा टन असली तरी त्यातील काही तास नऊ टनांचे आणि काही तास तीन टनांचे असू शकतात. नऊच्या वेळी जास्तीची वाफ पीआरव्हीतूनच द्यावी लागेल आणि तीनच्या वेळी टर्बाइन कशीबशी फिरेल.

गोंदियाचा_कोंडा

आमची उकड्या तांदळाची गिरणी आहे आणि आम्ही कोंड्यावर अशीच छोटी टर्बाइन चालवतो. आमचा इंधन खर्च खरोखरच शून्य आहे, कारण कोंडा आमच्याच भाताचा निघतो. पंचगंगाकाठ यांना जवळपास कुठे कोंडा मिळत असेल तर त्यांनी कोळशाचा विचार सोडावा.

जमाखर्च

कोंडा आपल्या भाताचा असला तरी तो बाजारात विकला जातो ना? जो टन आपण जाळता, तो विकून येणारे पैसे आपण सोडता. तेच त्याचे मूल्य आहे आणि ते इंधनाच्या रकान्यात यायलाच हवे.

गोंदियाचा_कोंडा

हंगामात विकला जातो, हे खरे आहे. पावसाळ्यात मात्र तो हलवायलाच पैसे द्यावे लागतात. त्यामुळे वर्षभरासाठी एकच भाव धरणे मला पटत नाही. असो. वर सिलिकाचा उल्लेख झाला म्हणून माझा एक अनुभव सांगतो. आमच्या टर्बाइनची निर्मिती सहा महिन्यांत हळूहळू कमी होत गेली आणि आम्ही गव्हर्नरला दोष देत बसलो. शेवटी उघडून पाहिले तर पात्यांवर पांढरा कठीण थर होता. पाणीशुद्धीकरणाच्या संयंत्राचे रीजनरेशन आमचा माणूस एक दिवस उशिराने करत होता, एवढेच कारण होते.

वाफेवरचा_माणूस

हे उघडण्याआधीही कळते. टर्बाइनला एकापेक्षा जास्त चाके असतील आणि वाफेचा प्रवाह तोच असताना पहिल्या चाकाच्या कक्षातील दाब महिन्यामहिन्याने वाढत असेल, तर वाट अरुंद होत आहे असे समजावे. हा दाब रोज एकाच वेळी वहीत लिहून ठेवावा.

ऑपरेटरविषयी आणखी एक इशारा देतो. मालकाने ‘आज किती युनिटे काढलीस’ एवढेच विचारायला सुरुवात केली की काही ठिकाणी ऑपरेटर रंगाईची वाफ कमी झाल्यावरही निर्मिती टिकवण्यासाठी जास्तीची वाफ छपरावरून हवेत सोडतो. त्या सोडलेल्या वाफेवर जी युनिटे निघतात, त्यांना मात्र हिशेबनिसांचा अठ्ठावीस रुपयांचा दर शंभर टक्के लागू होतो. तासाला एक टन वाफ सोडली तर जेमतेम साठ युनिटे मिळतात आणि सोळा-सतराशे रुपयांचा कोळसा जातो. व्हेंटच्या पाइपावर तापमानाची नोंद ठेवणारे साधे उपकरण बसवले की हे लपत नाही.

उच्चदाब

मी विद्युत बाजूची आहे, त्यामुळे विजेच्या बिलात नेमके काय वाचते एवढ्यावरच लिहिते. आपण संपूर्ण नऊ रुपये वाचतील असे धरले आहे. मागणी आकार त्यात नाही, हे उत्तम केले. महिन्यात एकदा जरी टर्बाइन भर पाळीत ट्रिप झाली आणि सगळा भार ग्रिडवर गेला, तरी त्या वेळची कमाल मागणी पूर्ण महिन्याच्या बिलात बसते. ती बचत मिळाली तर आनंद मानावा, पण ती हिशेबात धरू नये.

महाराष्ट्रात 2020 पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे किलोवॅट-तासांऐवजी केव्हीए-तासांवर होते, याचा विचार मात्र आपल्या मांडणीत दिसत नाही. समजा कारखान्याचा भार 900 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.90 आहे, म्हणजे ग्रिडवरून 1,000 केव्हीए येतात. अल्टरनेटर युनिटी पॉवर फॅक्टरवर चालवून 325 किलोवॅट दिले, तर ग्रिडवर 575 किलोवॅट उरतात, पण केव्हीएआर, म्हणजे प्रत्यक्ष काम न करणारा प्रतिघाती भार, तेवढेच राहतात. ग्रिडवरील केव्हीए सुमारे 720 होतात आणि पॉवर फॅक्टर 0.80 वर येतो. म्हणजे आपण 325 निर्माण केले आणि बिलातून 280 गेले. एक्सायटेशन वाढवून अल्टरनेटरकडून त्याच्या वाट्याचे केव्हीएआर घेतले, तर हेच 360 होतात. विक्रेत्याकडे एव्हीआर, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज नियामक, पॉवर फॅक्टरवर चालवण्याची सोय लेखी मागावी. शिवाय दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना दर वेगळा असतो, आणि दुपारच्या सवलतीच्या तासांत निघालेल्या युनिटची किंमत संध्याकाळच्या युनिटइतकी नसते.

पंचगंगाकाठ

उच्चदाब ताई, कपॅसिटर आपोआप जोडणारा आमचा एपीएफसी पॅनेल पॉवर फॅक्टर 0.99 ठेवतो, त्यामुळे आम्हाला हा त्रास कमी होईल असे वाटते. तरीही ही अट मी चौकशीपत्रात घालतो.

उच्चदाब

कमी होईल, पण ट्रिप झाल्यावर कपॅसिटरची पावले किती वेगाने जुळतात तेही एकदा तपासावे. स्वतः निर्माण करून वापरलेल्या विजेवरील वीज शुल्काचा रकानाही आपल्या तक्त्यात नाही. विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातून आपल्याला लागू होणारा दर लेखी घेऊन तो भरावा.

जमाखर्च

व्याजाविषयी अजून कोणीच बोलले नाही, म्हणून मी पुन्हा आलो. चार रुपये अठ्ठावन्न पैशांत पैशाचे भाडे नाही. तीन कोटी अकरा टक्क्यांनी पंधरा वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचे म्हटले तर वर्षाला सुमारे बेचाळीस लाख लागतात. घसाऱ्याचे एकोणनव्वद पैसे काढून त्या जागी एक रुपया चौऱ्याण्णव पैसे घातले, तर युनिट पाच रुपये त्रेसष्ट पैशांना पडते. निर्मिती 230 किलोवॅटवर आली तर ते साडेसात रुपयांच्या पुढे जाते आणि ग्रिडच्या नऊ रुपयांशी असलेले अंतर बरेच आटते.

आणखी एक प्रश्न विचारतो. जुना बॉयलर खरोखरच बदलण्याच्या स्थितीत आहे ना? कारण तीन कोटी हा फरक तेव्हाच खरा, जेव्हा कमी दाबाचा नवा बॉयलर आपण नाहीतरी घेणारच होता. जुना आणखी पाच वर्षे चालणार असेल तर नव्या बॉयलरची पूर्ण किंमत आज या विजेवर पडेल आणि वरचे सगळे आकडे बदलतील.

पंचगंगाकाठ

नळ्यांची जाडी मोजून झाली आहे आणि निरीक्षणात दाब उतरवून दिला गेला आहे, त्यामुळे बॉयलर जाणार हे नक्की आहे. वाटणीच्या प्रश्नावर मात्र आमच्या घरातच एकमत नाही. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की विजेला फक्त वाढीव कोळसा लावावा, आणि हिशेबनीस म्हणतात की मग रंगाईच्या दराला आपण बाजारात टिकणार नाही.

जमाखर्च

दोन तक्ते ठेवावेत, एक निर्णयासाठी आणि एक दरासाठी. गिऱ्हाइकाला सांगायचा दर मात्र मी कधीही वाढीव पद्धतीने काढणार नाही.

वाफेवरचा_माणूस

येथे माझे मत वेगळे आहे. टर्बाइन नसती तर रंगाईने जो कोळसा जाळला असता तोच तिच्या खात्यावर राहतो, मग तिच्यावर अन्याय कसला? हा वाद मी तीन कारखान्यांत पाहिला आहे आणि कोठेही मिटलेला नाही.

पंचगंगाकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे. मुख्य वाहिनीवर वाफेचा मीटर भाड्याने आणून बसवला आणि दर तासाची नोंद घेतली. सरासरी साडेसहा टन नाही, पाच टन सहाशे किलो आहे. सकाळी नऊ ते दुपारी दोनपर्यंत ती आठ टनांच्या पुढे जाते. रात्री एक ते पाचमध्ये ती तीन टनांच्या खाली येते, कारण त्या वेळी आमचे निम्मे जेट रिकामे असतात, आणि हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. आता 500 ऐवजी 350 किलोवॅटचा संच घ्यावा, की रात्रीच्या पाळीत जेटचे बॅच सरकवून वाफ सपाट करावी, या विचारात आहे.

वाफेवरचा_माणूस

आधी बॅच सरकवून पुन्हा दोन आठवडे मोजा, कारण त्याला पैसे लागत नाहीत. मीटर परत करू नका. आणि दोन्ही संचांसाठी विक्रेत्याकडून पूर्ण, पाऊण आणि अर्ध्या भारावरील वाफेचा वापर हमीसह मागा. पूर्ण भाराचा एकच आकडा देऊन तो विषय बदलू लागला तर समजून घ्या.